कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे परिसरातले जुने फ्लॅट: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही नेमकं कुठे आणि कसलं काम करता?

मी पुण्याच्या पश्चिम भागात रीसेल फ्लॅटची खरेदी-विक्री करून देते आणि घरं भाड्याने देण्याची कामं पाहते. माझा भाग असा: कोथरूडमध्ये मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, आयडियल कॉलनी, गुजरात कॉलनी, परमहंसनगर आणि भुसारी कॉलनी, त्याला लागून कर्वेनगर, आणि नळ स्टॉपच्या दोन्ही अंगांनी एरंडवणे. यातल्या बहुतेक इमारती तीन-चार मजली, पंचवीस ते चाळीस वर्षं जुन्या. अनेकांना लिफ्ट नाही, पार्किंग अपुरं आहे, पण दुकानं, शाळा, दवाखाने पायी अंतरावर आहेत. घर घेणारे बहुधा याच भागात वाढलेले किंवा आई-वडिलांच्या जवळ राहू पाहणारे असतात.

वारज्यात मी फक्त भाड्याची कामं घेते. तिथे विक्रीचे व्यवहार मी इतके केलेले नाहीत की कुणाला छातीठोकपणे भाव सांगावा.

बावधन, हिंजवडी, किंवा मुळशीकडचे प्लॉट?

नाही. बावधन-हिंजवडीतले मोठे गृहप्रकल्प हे वेगळं काम आहे आणि ते रोज करणारी माणसं तिथे आहेत. प्लॉटला मी हात लावत नाही, कारण त्यात सातबारा, फेरफार, मोजणी, जागेपर्यंतचा रस्ता कुणाच्या हद्दीतून जातो, हे सगळं पाहणारा माणूस लागतो. फ्लॅटची कागदपत्रं वाचता येतात म्हणजे जमिनीची येतात असं होत नाही. कुणी विचारलं तर मी जमिनीचं काम करणाऱ्या वकिलाकडे जायला सांगते. नाव सुचवण्याचे पैसे त्यांच्याकडून घेत नाही.

आजवर किती व्यवहार केले आहेत?

विक्रीचे व्यवहार वर्षाला साधारण दहा-बारा होतात. भाडेकरार त्याच्या दुपटी-तिपटीने असतात. विक्रीतले निम्म्याहून अधिक व्यवहार दोन एजंटांनी मिळून केलेले असतात: विकणाऱ्याकडून मी, घेणाऱ्याकडून दुसरं कुणी, किंवा उलट.

मी मोजते कसं हेही सांगायला हवं, कारण मोजण्याच्या पद्धतीवर आकडा सहज तिप्पट होऊ शकतो. दस्त नोंदवला गेला, पूर्ण पैसे पोचले आणि किल्ली हातात दिली गेली, की मी तो एक व्यवहार धरते. विसार होऊन मोडलेला व्यवहार धरत नाही. त्याच भाडेकरूचा करार पुन्हा अकरा महिन्यांनी वाढवला, तर तो नवा धरत नाही. आणि दोघांनी मिळून केलेला व्यवहार ‘आमचा’ म्हणून सांगते, ‘माझा’ म्हणून नाही.

हा आकडा खरा आहे हे आम्ही कसं तपासायचं?

आकडा तुम्हाला तपासता येणार नाही, आणि कुठल्याच एजंटचा तपासता येत नाही. नोंदणी झालेल्या दस्ताचा जो गोषवारा मिळतो, म्हणजे सूची क्रमांक २, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, त्यात लिहून देणारा, लिहून घेणारा, मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ, मुद्रांक शुल्क आणि तारखा असतात. एजंटचं नाव त्यात नसतं. म्हणून ‘पाचशे समाधानी कुटुंबं’ असा फलक कुणी लावला तर तो पडताळण्याचा सार्वजनिक मार्ग नाही.

तपासता येते ती इमारतीची आणि भावाची माहिती. तुमच्या गल्लीतले अलीकडचे दोन-तीन व्यवहार मी तोंडी सांगितले, तर त्यांच्या इंडेक्स टूच्या प्रती मागा. मी त्या तुमच्यासमोर काढते. शिवाय आधीच्या ग्राहकांशी बोलायचं असेल तर त्यांची परवानगी घेऊन मी गाठ घालून देते. त्यात अर्थातच माझ्यावर खूश असलेले लोकच येतील, तेव्हा त्यांना ‘कशा वाटल्या?’ एवढंच विचारू नका. ‘पहिल्यांदा किती किंमत सांगितली होती, शेवटी किती आली, आणि मध्ये किती महिने गेले?’ हे विचारा. या तीन उत्तरांतून एजंट कळतो.

महारेराची नोंदणी आहे का? तिचा उपयोग काय?

आहे. प्रमाणपत्र कार्यालयात लावलेलं आहे आणि क्रमांक माझ्या प्रत्येक जाहिरातीत असतो. maharera.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर एजंटच्या नावाने किंवा क्रमांकाने शोधता येतं. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते, म्हणून क्रमांकाबरोबर मुदतीची तारीखही पाहा. २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणंही बंधनकारक झालं आहे.

मात्र या नोंदणीचा अर्थ जेवढा आहे तेवढाच घ्यावा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या एजंटला नोंदणी लागते, आणि तक्रारीची मुख्य सोय त्या प्रकल्पांसाठी आहे. १९९० साली बांधलेल्या इमारतीतला फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा मालकीहक्कात खोट निघाली तर महारेरा ती निस्तरून देईल अशा भरवशावर राहू नका. तिथे तुमचा वकील आणि जुने नोंदलेले दस्त तपासून त्याने दिलेला सर्च रिपोर्ट हेच खरं संरक्षण. म्हणून वकील तुम्ही निवडा. माझ्या ओळखीचा वकील सोयीचा वाटला तरी तो दोन्ही बाजूंनी एकच नसावा, असं मी आग्रहाने सांगते.

माझ्या फ्लॅटला किती किंमत येईल?

फोनवर मी किंमत सांगत नाही. का, ते एका उदाहरणाने दाखवते. हिशेब कळावा म्हणून आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या इमारतीला ते जसेच्या तसे लावू नका.

समजा डहाणूकर कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे, लिफ्ट नाही. मालकांच्या मनात गणित असं: बिल्डरने धरलेलं सेलेबल क्षेत्र ८५० चौरस फूट, भाव १३,५००, म्हणजे १ कोटी १४ लाख ७५ हजार. भाव कुठून आला? संकेतस्थळांवरच्या जाहिरातींतून. पण जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे. तीच जाहिरात वर्षभर तशीच दिसत असेल तर ती किंमत कुणी दिलेली नाही एवढंच तिच्यावरून कळतं.

मी आधी घर मोजते. आतल्या मापाने कार्पेट ६१० चौरस फूट भरतं. मग नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in वर ई-सर्चमधून त्याच सर्व्हे नंबरवरचे अलीकडचे दस्त शोधते. समजा तीन सापडले. पहिला शेजारच्या, लिफ्ट असलेल्या इमारतीतला: कार्पेट ६५०, मोबदला १ कोटी ६ लाख, म्हणजे चौरस फुटाला साधारण १६,३०० रुपये. दुसरा याच इमारतीतला, दुसऱ्या मजल्यावरचा, तेवढ्याच मापाचा: ९६ लाख, म्हणजे साधारण १५,७००. तिसरा बराच स्वस्तात गेलेला दिसतो, पण लिहून देणारा आणि घेणारा यांचं आडनाव आणि पत्ता एकच आहे. तो घरातल्या घरात झालेला व्यवहार दिसतो, म्हणून बाजूला ठेवते.

आता तुलना नीट करता येते. पहिल्या इमारतीला लिफ्ट आहे, आपल्याला नाही. दुसऱ्याच्या तुलनेत आपण एक जिना वर आहोत, आणि या भागातल्या खरेदीदारांत पन्नाशीपुढचे लोक बरेच असल्यामुळे त्या एका जिन्याला किंमत पडते. म्हणून मी मालकांना सांगेन की घर ९२ ते ९६ लाखांच्या दरम्यान जाईल, जाहिरात ९८ ला करू. ९४ ला ठरलं तर तो चांगला व्यवहार समजावा.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. इंडेक्स टूमध्ये क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असतं (१०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात) आणि ते कार्पेट आहे की बिल्टअप हे वाचून पाहावं लागतं. दोन वेगळ्या मापांची तुलना केली तर सगळा हिशेब चुकतो. आतलं फर्निचर, दुरुस्ती, विकणाऱ्याची घाई हे दस्तात दिसत नाही. आणि जिथे काही रक्कम रोखीत गेली असेल तिथे नोंदलेली किंमत खऱ्यापेक्षा कमी असते. एवढं धरूनही नोंदलेला दस्त जाहिरातीपेक्षा कितीतरी पटीने विश्वासार्ह आहे.

दुसऱ्या एजंटने आम्हाला १ कोटी १५ लाख सांगितले. मग तुमच्याकडे का यावं?

त्यांनी कशाच्या आधारावर सांगितले ते विचारा. त्यांच्याकडे तेवढ्याचा नोंदलेला दस्त असेल, किंवा तेवढ्याला तयार असलेला खरेदीदार असेल, तर खुशाल त्यांच्याकडे जा. मला वाईट वाटणार नाही.

पण आधार नसेल तर पुढे काय होतं ते या भागात पुष्कळदा पाहायला मिळतं. घर जास्त किमतीला जाहिरातीत येतं. पहिल्या महिन्यात जे खरे, पैसे तयार असलेले खरेदीदार असतात ते किंमत पाहून येतच नाहीत. दोन-तीन महिन्यांनी एजंट म्हणतो, ‘बाजार थंड आहे, थोडं खाली येऊ.’ असं करत घर ९५ वर येतं, तोवर परिसरातल्या सगळ्या एजंटांना ते तोंडपाठ झालेलं असतं आणि येणारा प्रत्येक जण ‘इतके दिवस का पडून आहे?’ असा प्रश्न घेऊन येतो. जे घर सुरुवातीला ९४ ला गेलं असतं ते ९० ला द्यावं लागतं. फुगवलेली किंमत सांगून मालकाचं काम मिळवणं सोपं असतं. त्याची भरपाई मालकाच्या खिशातून होते. याची मला खरोखर चीड येते, कारण विकणारे पुष्कळदा सत्तरीतले असतात आणि या पैशांवर त्यांचं पुढचं सगळं ठरायचं असतं.

कार्पेट, बिल्टअप, सेलेबल यातलं काय धरायचं?

कार्पेट. रेरा कायद्यातली व्याख्या सरळ आहे: घराच्या आतलं वापरता येणारं क्षेत्र, आतल्या भिंतींची जागा धरून, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली टेरेस वगळून. ‘सेलेबल’चं प्रमाण प्रत्येक बिल्डरने आपापलं ठरवलेलं असतं. माझ्या सगळ्या जाहिरातींत आधी मोजलेलं कार्पेट असतं.

जुन्या घरांत एक गोष्ट मुद्दाम पाहा. बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली असते किंवा टेरेसवर पत्रे टाकून खोली केलेली असते. टेप लावला तर ती जागा आत दिसते, पण मंजूर नकाशात ती बाल्कनी किंवा टेरेसच असते. मी मापं दोन सांगते, नकाशाप्रमाणे किती आणि आत घेतलेली किती. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस नकाशाचंच धरतो, आणि कर्ज त्यावर ठरतं.

सोसायटी आणि अपार्टमेंट यात फरक असतो का? आम्ही तर सगळ्याला सोसायटीच म्हणतो.

फार मोठा फरक असतो, आणि पुण्यात तो विशेष जाणवतो कारण इथे ‘अपार्टमेंट’ केलेल्या इमारती पुष्कळ आहेत. फाटकावर काय नाव लिहिलंय त्यावरून काही ठरत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर तुम्ही सभासद असता आणि तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट असतं. जमीन व इमारत संस्थेच्या नावावर व्हायला हवी, म्हणजे कन्व्हेयन्स व्हायला हवं. जुन्या अनेक संस्थांत ते झालेलंच नाही. जमीन कागदोपत्री अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. त्यासाठी १९६३ च्या मोफा कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय आहे. ते झालंय का, हा प्रश्न मी विकणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारते.

अपार्टमेंट असेल तर १९७० च्या कायद्याप्रमाणे घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन नोंदवलेलं असतं, आणि प्रत्येक फ्लॅटचं स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट होतं. त्यात जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. इथे शेअर सर्टिफिकेट नसतं. अडचण येते ती मधल्या स्थितीत: घोषणापत्र झालंय, पण या फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट मालकांनी करून घ्यायचंच राहिलंय. त्यांच्याकडे फक्त बिल्डरबरोबरचा जुना करारनामा असतो. असा फ्लॅट विकता येत नाही असं नाही, पण आधी तो कागद पूर्ण करावा लागतो आणि तोवर बँक अडून राहते. म्हणून घर बाजारात आणायच्या आधीच हे काम सुरू करावं.

संस्थेच्या बाबतीत आणखी एक: घर हस्तांतर करताना महापालिका हद्दीत संस्थेला जास्तीत जास्त २५,००० रुपये प्रीमियम घेता येतो. ‘देणगी’, ‘विकास निधी’ अशा नावांनी त्याहून जास्त मागितलं तर लेखी ठराव आणि पावती मागा.

इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे म्हणून किंमत जास्त आहे, हे बरोबर का?

कोथरूडमध्ये सध्या हा सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द आहे, आणि बहुतेक वेळा त्यामागे फार थोडं असतं. ‘बोलणी चालू आहेत’ याची किंमत मी शून्य धरते.

सहकारी संस्थेत पुनर्विकासाला ठरलेली वाट आहे. सहकारी संस्था कायद्यातल्या कलमावरून ‘७९अ’ म्हणतात ती, शासनाच्या २०१९ च्या निर्णयाने सुधारलेली. आधी विशेष सर्वसाधारण सभेचा ठराव, मग प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची नेमणूक, त्याचा अहवाल, निविदा, आणि निबंधकाच्या प्रतिनिधीसमोर विकसकाची निवड. त्यानंतर विकसन करारनामा नोंदवला जातो आणि मग महापालिकेची बांधकाम परवानगी येते. विकणारा म्हणतो तेव्हा विचारायचं एकच: यातल्या कोणत्या पायरीवर आहात, आणि त्या पायरीचा कागद दाखवा. फक्त पहिल्या सभेचं इतिवृत्त असेल तर मध्ये वर्षं जाऊ शकतात. विकसन करारनामा नोंदलेला असेल तर नव्या घराचं क्षेत्र, मधल्या काळाचं भाडं, मुदत आणि बँक गॅरंटी या गोष्टी त्यात लिहिलेल्या असतात आणि त्या वाचून भाव ठरवता येतो. अपार्टमेंट असेल तर ही वाट लागू नसते. तिथे घोषणापत्रात काय आहे आणि किती मालक खरोखर सहीला तयार आहेत ते पाहावं लागतं. एक जण अडला तरी बराच काळ जातो.

ज्या घरात पुनर्विकास अर्ध्यावर आहे ते विकताना मी खरेदीदाराला कागद दाखवल्याशिवाय तो शब्दच उच्चारत नाही. मेट्रोचंही तसंच. वनाज ते गरवारे कॉलेज मार्ग मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, लोक तो वापरतात, स्थानकाजवळच्या घराची सोय वाढली आहे. पण ‘मेट्रोमुळे पाच वर्षांत दुप्पट’ असं मी कुणालाही सांगणार नाही. पुढे भाव काय होईल हे मला कळत नाही.

तुमची फी किती? दोन्हीकडून घेता का?

विक्रीत १ टक्का, ज्या बाजूचं मी काम करते त्या बाजूकडून. दस्त नोंदवला जाईल त्या दिवशी, चेकने किंवा बँकेतून, पावतीसह. घर दाखवायचे पैसे नाहीत. व्यवहार विसारानंतर मोडला तर माझी फी नाही.

विकणारा आणि घेणारा दोघेही माझ्याकडचेच निघाले तर ते दोघांना पहिल्या दिवशी सांगते आणि त्या वेळी दोघांकडून अर्धा-अर्धा टक्का घेते. एकाच व्यवहारात दोघांची पूर्ण बाजू कुणालाच लढवता येत नाही, मलाही नाही. त्यामुळे अशा वेळी किंमत ठरवताना मी बोलत नाही, दोघांना समोरासमोर बसवते. ‘मालकाला एवढे द्या, वरचे आपले’ असा व्यवहार मी करत नाही.

विसार किती द्यावा? कधी द्यावा?

कागद पाहिल्यावर, आणि एवढाच की अडकला तर झोप उडू नये. पुष्कळ जण एक-दोन लाखांत भागवतात, तेवढं पुरतं. ‘आज दिला नाही तर दुसरा घेईल’ या घाईत देऊ नका. विसार पावती लेखी हवी आणि तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: ठरलेली एकूण किंमत, करारनामा कधीपर्यंत करायचा, आणि सर्च रिपोर्टमध्ये दोष निघाला किंवा बँकेने मालकीहक्काच्या कारणावरून कर्ज नाकारलं तर पैसे पूर्ण परत. तिसरी ओळ लिहायला विकणारा तयार नसेल तर थांबून कारण विचारा. विसार थेट मालकाच्या खात्यात जातो. माझ्या खात्यात कुणाचाही विसार मी घेत नाही.

विसारानंतर वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात आणि साधारण तीस वर्षांचा सर्च घेतात. घरावर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतात. तेव्हा कर्जाचा शिल्लक आकडा आणि बँकेकडे असलेल्या कागदांची यादी आधी हातात घ्यावी.

किमतीशिवाय घेणाऱ्याला किती खर्च येतो?

वरच्याच उदाहरणातले ९४ लाख घेऊ. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ६,५८,००० रुपये. सगळे खरेदीदार महिला असतील तर निवासी घराला १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ५,६४,०००. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३०,०००. शुल्क करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरचं मूल्य यातल्या जास्तीच्या रकमेवर लागतं, म्हणून रेकनरचा आकडा आधी काढून घ्या.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. इथे तो ९४,०००. हा वेगळा खर्च नाही, विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतूनच कापायचा आहे. पण भरायचा विसरला तर व्याज आणि दंड घेणाऱ्यावर येतो. याशिवाय वकील, बँकेची प्रक्रिया फी, आणि माझं काम घेतलं असेल तर माझी फी.

थोडी रक्कम रोखीत चालेल का?

नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि ती रोख स्वीकारणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्याला, तेवढाच दंड होऊ शकतो. कुणी आग्रह धरला तर मी ते काम सोडते.

आम्ही अमेरिकेत असतो. आई-वडिलांचा कोथरूडचा फ्लॅट विकायचा आहे. काय करावं लागेल?

हा प्रश्न आता दर महिन्याला येतो. पहिली गोष्ट: सोसायटीत तुमचं नाव वारस म्हणून नॉमिनेशनमध्ये आहे, एवढ्याने तुम्ही मालक होत नाही. नॉमिनी हा संस्थेपुरता जबाबदार माणूस. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने येते, आणि मृत्युपत्र नसेल तर सगळ्या भावंडांच्या सह्या लागतात, किंवा त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं लागतं. बहीण ‘मला काही नको’ म्हणते, हे फोनवर पुरेसं नाही.

दुसरी: कुलमुखत्यारपत्र. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा नोटरी आणि अपोस्टील करून पाठवा. भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्यात कोणता फ्लॅट, कोणते अधिकार, पैसे कुणाच्या खात्यात, हे नेमकं लिहा. तुमचे मुखत्यार म्हणून मी स्वतः कधीही काम करत नाही. एजंटनेच मुखत्यार व्हावं असं कुणी सुचवलं तर नकार द्या.

तिसरी आणि पैशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: विकणारा अनिवासी असेल तर वरचा १ टक्का टीडीएस लागू होत नाही. कापणी बरीच जास्त असते आणि खरेदीदार ती बहुधा पूर्ण किमतीवर करतो. नफ्यापुरतीच कापली जावी यासाठी प्राप्तिकर विभागाकडून कमी कापणीचं प्रमाणपत्र घेता येतं. त्याला आठवडे लागतात, म्हणून घर बाजारात आणतानाच सीएशी बोला. दस्ताच्या आदल्या आठवड्यात हे लक्षात आलं तर मोठी रक्कम परताव्यापर्यंत अडकते.

भाड्याच्या घरांचं काय?

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, ऑनलाइन नोंदवलेला. कराराची नोंदणी महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ती करून घ्यायची जबाबदारी मालकाची. माझी फी एका महिन्याचं भाडं, घरमालक आणि भाडेकरू मिळून. वाटणी आधी ठरते. मुदतवाढीला फक्त कागदाचा खर्च. जात, धर्म, खाणंपिणं यावरून भाडेकरू गाळून देण्याचं काम मी घेत नाही. घर भाड्याने दिलं म्हणून संस्था बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, हे मालकांनी लक्षात ठेवावं.

पहिल्या भेटीला काय घेऊन यायचं?

विकायचं असेल तर सगळ्यांत जुना करारनामा, त्याचा इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट किंवा डीड ऑफ अपार्टमेंट, मिळकतकराची शेवटची पावती, आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र. झेरॉक्स चालतील, मूळ कागद कुणाकडेही ठेवायला देऊ नका, माझ्याकडेही नाही. घ्यायचं असेल तर कर्जाची पात्रता बँकेतून काढून आणा आणि जिने चढू न शकणारं कुणी घरात आहे का ते सांगा, म्हणजे तुम्हाला बघायला नेण्याजोगी घरं आधीच वेगळी काढून ठेवता येतात. मंगळवार सोडून रोज सकाळी अकरा ते एक मी कार्यालयात असते. घर मोजायला येण्याची वेळ संध्याकाळची ठरवू.